चेक ४८,६०० रुपयांचा, वजा झाले ८४,६००

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा व्यापार करणारी एक पेढी डोळ्यांसमोर आणा. पेढी कल्पनेतली आहे, पण तिच्याबाबत घडलेली चूक बँकांमध्ये खरोखर घडते. पेढीनं बारदान पुरवणाऱ्या व्यापाऱ्याला ६ जून २०२५ रोजी ४८,६०० रुपयांचा चेक दिला. त्यानं तो स्वतःच्या बँकेत भरला आणि १० जूनला तो वटला. त्या दिवशी सकाळी पेढीच्या चालू खात्यात १,३२,४०० रुपये होते. चेक वटल्यावर ८३,८०० उरायला हवे होते, उरले ४७,८००. स्टेटमेंटमध्ये चेकचा नंबर बरोबर होता आणि तारीखही बरोबर होती. फक्त रकमेच्या रकान्यात ४८,६०० च्या जागी ८४,६०० छापलं होतं.

१० तारखेला हे कुणाच्या लक्षात आलं नाही. १२ तारखेला ट्रकवाल्याला दिलेला ६२,००० रुपयांचा चेक वटायला आला. खात्यात पुरेसे पैसे दिसत नव्हते, म्हणून बँकेनं तो 'अपुरी शिल्लक' असा शेरा मारून परत पाठवला. वर चेक परतीचा आकार ५०० रुपये आणि त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे एकूण ५९० रुपये पेढीच्याच खात्यातून वळते केले. ट्रकवाल्याचा फोन आला तेव्हा पेढीला पहिली खबर लागली. तो दिवस शनिवार होता, १४ जून, महिन्यातला दुसरा शनिवार. बँक बंद होती.

आता पत्र लिहायचं आहे. बँकेकडे रोज येणाऱ्या पत्रांपैकी बरीच पत्रं अशी असतात : 'आमच्या खात्यातून चुकीची रक्कम वजा झाली आहे, तरी चौकशी करून योग्य ती कार्यवाही करावी ही विनंती.' अशा पत्राला बँक 'चौकशी सुरू आहे' असंच उत्तर देणार, कारण त्यात बँकेनं नेमकं काय करायचं ते लिहिलेलंच नसतं.

पत्र कोण वाचतं हे आधी समजून घ्यायला हवं. पत्र शाखेत दिलं तरी शाखाधिकारी स्वतःच्या अधिकारात ही नोंद फिरवू शकेलच असं नाही. चेकचं क्लिअरिंग बहुतेक बँकांमध्ये आता एका मध्यवर्ती केंद्रात चालतं. तुमचं पत्र स्कॅन होऊन तिथे जातं. तिथला कर्मचारी तुम्हाला ओळखत नाही, तुमचा हळदीचा धंदा त्याला माहीत नाही आणि ट्रकवाला किती चिडला आहे याच्याशीही त्याला कर्तव्य नाही. एकानं नोंद तयार करायची आणि दुसऱ्यानं ती तपासून मंजूर करायची, अशी तिथली शिस्त आहे. त्या दोघांना दुसरा एकही कागद न शोधता, नुसतं पत्र आणि त्याची सोबतची पानं पाहून नोंद फिरवता आली पाहिजे. पत्र चांगलं झालं की नाही, हे मी एवढ्याच कसोटीवर ठरवतो.

त्यासाठी चूक कुठे झाली असेल याचा अंदाज असणं उपयोगी ठरतं. चेक ट्रंकेशन पद्धत, म्हणजे सीटीएस, आल्यापासून कागदी चेक बँकेबँकेत फिरत नाही. बारदानवाल्याच्या बँकेनं चेक स्कॅन केला. चेकच्या तळाशी असलेल्या चुंबकीय शाईच्या पट्टीवरून नंबर यंत्रानं वाचला. रक्कम मात्र त्या पट्टीत नसते. ती चेकच्या चित्रावरून यंत्रानं ओळखावी लागते किंवा माणसानं टाइप करावी लागते. मग चित्र आणि माहिती मिळून तुमच्या बँकेकडे येतात. तुमच्या बँकेनं चित्रातली रक्कम आणि माहितीतली रक्कम ताडून पाहायची असते. आपल्या उदाहरणात टाइप करताना ४ आणि ८ यांची अदलाबदल झाली आणि तपासणाऱ्याच्या नजरेतूनही ती निसटली. कागदी चेक अजून बारदानवाल्याच्याच बँकेत पडून आहे आणि तो दहा वर्षं जपून ठेवण्याचं बंधन त्या बँकेवर आहे. म्हणजे पुरावा कुठेही गेलेला नाही.

अंकांच्या अदलाबदलीला जुने हिशेबनीस पटकन पकडतात. शेजारशेजारचे दोन अंक उलटे पडले की येणारा फरक नेहमी नऊनं भागला जातो. ८४,६०० मधून ४८,६०० वजा केले की ३६,००० राहतात आणि ३६,००० ला नऊनं भागलं की बरोबर ४,००० येतात. नऊनं भाग गेला म्हणजे अदलाबदलच झाली असं सिद्ध होत नाही, कारण नऊनं भाग जाणारे फरक दुसऱ्या कारणांनीही पडू शकतात. पण मेळ लागत नसेल आणि फरकाला नऊनं भाग जात असेल, तर पहिली नजर उलटलेल्या अंकांवर टाकावी. भाग जात नसेल तर दुसरीकडे शोधावं : एकच रक्कम दोनदा वजा झाली आहे का, दुसऱ्याच कुणाचा चेक आपल्या खात्यावर टाकला गेला आहे का, एखादा आकार लागला आहे का.

तक्रार करण्याआधी चूक आपली नाही याची खात्री करणं आलंच. चेकबुकातलं काउंटरफॉइल, कीर्दीतली त्या दिवसाची नोंद आणि बारदानवाल्याचं बिल या तिन्ही ठिकाणी ४८,६०० असेल तर पेढीची बाजू पक्की आहे. तरीही चेकच्या दोन्ही बाजूंच्या चित्राची प्रत बँकेकडून मागून घ्यावी. कारण कधीकधी घाईत आपल्याच हातून अंकात ८४,६०० आणि अक्षरात अठ्ठेचाळीस हजार सहाशे लिहिलं गेलेलं असतं. तसं असलं तरीही पेढीचा दावा संपत नाही. परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ च्या कलम १८ प्रमाणे अंक आणि अक्षरं यांत फरक असेल तर अक्षरात लिहिलेली रक्कम धरायची असते. फक्त तेव्हा पत्रातलं कारण बदलतं, आणि ते प्रामाणिकपणे तसंच लिहावं लागतं.

आता पेढीच्या हिशेबाकडे येऊ. बँकेनं ८४,६०० वजा केले म्हणून काही जण कीर्दीतही ८४,६०० लिहून टाकतात, म्हणजे 'मेळ लागतो'. असं करू नये. पेढीनं दिलेला चेक ४८,६०० चाच आहे, म्हणून कीर्दीतली नोंद तशीच राहायला हवी. फरक बँक मेळ पत्रकात दाखवायचा. आपल्या उदाहरणात दोन्ही चेक लिहून झाल्यावर कीर्दीप्रमाणे बँकेत २१,८०० शिल्लक दिसते. ट्रकवाल्याचा चेक परत आला म्हणून त्याचे ६२,००० मिळवले की ८३,८०० होतात. त्यातून बँकेनं जादा घेतलेले ३६,००० आणि परतीचे ५९० वजा केले की ४७,२१० उरतात, आणि स्टेटमेंटमधली शिल्लकही तेवढीच आहे. मेळ पत्रकातल्या शेवटच्या दोन ओळींची बेरीज ३६,५९० येते. पत्रात मागायची रक्कम हीच. बरेच जण फक्त ३६,००० मागतात आणि चुकीमुळे लागलेला आकार विसरतात.

सोमवारी, १६ जूनला, द्यायचं पत्र असं लिहिता येईल. ते पेढीच्या छापील लेटरहेडवर असावं.

दिनांक : १६ जून २०२५

प्रति,
मा. शाखाधिकारी,
(बँकेचे नाव), मार्केट यार्ड शाखा, सांगली.

विषय : चालू खाते क्र. (पूर्ण क्रमांक) मधून धनादेश क्र. ००४५१७ पोटी जादा वजा झालेले रु. ३६,०००/- व त्यामुळे लागलेला आकार रु. ५९०/- खात्यात जमा करण्याबाबत.

महोदय,

आमच्या पेढीचे वरील चालू खाते आपल्या शाखेत आहे.

आम्ही दिनांक ६ जून २०२५ रोजी धनादेश क्र. ००४५१७ रु. ४८,६००/- (अक्षरी रुपये अठ्ठेचाळीस हजार सहाशे फक्त) इतक्या रकमेचा दिला होता. तो १० जून २०२५ रोजी क्लिअरिंगमध्ये वटला. त्यापोटी आमच्या खात्यातून रु. ८४,६००/- (अक्षरी रुपये चौऱ्याऐंशी हजार सहाशे फक्त) वजा झाले आहेत. म्हणजेच रु. ३६,०००/- (अक्षरी रुपये छत्तीस हजार फक्त) जादा वजा झाले आहेत.

या जादा वजावटीमुळे खात्यातील शिल्लक रु. ८३,८००/- ऐवजी रु. ४७,८००/- झाली व आमचा धनादेश क्र. ००४५१९, रु. ६२,०००/-, हा १२ जून २०२५ रोजी 'अपुरी शिल्लक' या कारणाने परत गेला. वजावट बरोबर झाली असती तर या धनादेशासाठी खात्यात पुरेशी रक्कम होती. धनादेश परतीपोटी त्याच दिवशी रु. ५९०/- (आकार रु. ५००/- व जीएसटी रु. ९०/-) वजा करण्यात आले.

तरी आपण कृपया :

१. रु. ३६,०००/- आमच्या खात्यात १० जून २०२५ या मूल्य दिनांकाने जमा करावेत.

२. रु. ५९०/- आमच्या खात्यात १२ जून २०२५ या मूल्य दिनांकाने जमा करावेत.

३. किमान शिल्लक न ठेवल्याबद्दल या कालावधीचा कोणताही आकार लावू नये. लावला गेल्यास तोही परत करावा.

४. धनादेश क्र. ००४५१९ हा बँकेकडील नोंदीतील चुकीमुळे परत गेला, आमच्या खात्यात निधी नव्हता म्हणून नव्हे, असे पत्र आम्हास द्यावे.

५. धनादेश क्र. ००४५१७ च्या दोन्ही बाजूंच्या प्रतिमेची प्रत द्यावी.

जादा रकमेपैकी कोणतीही रक्कम आम्हास धनादेश स्वीकारणाऱ्याकडून आजपर्यंत परत मिळालेली नाही.

आपला विश्वासू,
(खाते चालवण्याचा अधिकार असलेल्या व्यक्तीची सही, नाव, पेढीचा शिक्का)

सोबत : १) १ ते १४ जून २०२५ चे खाते उताऱ्याचे पान, संबंधित नोंदी खूण केलेल्या. २) धनादेश क्र. ००४५१७ च्या काउंटरफॉइलची प्रत. ३) धनादेश क्र. ००४५१९ च्या परतीच्या शेऱ्याची प्रत.

या पत्रातल्या काही गोष्टींवर थोडं थांबायला हवं. पहिली गोष्ट मूल्य दिनांकाची. बँका याला व्हॅल्यू डेट म्हणतात. चालू खात्यावर व्याज मिळत नाही, मग पैसे १० तारखेचे धरले काय आणि २५ तारखेचे धरले काय, असं वाटू शकतं. पण याच खात्याला ओव्हरड्राफ्टची सवलत असेल तर १० ते २५ तारखेपर्यंत ३६,००० रुपयांवर बँक पेढीकडूनच व्याज घेईल. सवलत नसली तरी महिन्याची सरासरी शिल्लक रोजच्या शिलकीवरून काढली जाते आणि ती ३६,००० नी कमी दिसेल. मागच्या मूल्य दिनांकानं रक्कम जमा झाली की हे सगळे हिशेब आपोआप सुधारायला वाट मिळते. नुसतं 'रक्कम परत करावी' असं लिहिलं तर कर्मचारी ती त्या दिवसाच्या तारखेनं जमा करील, आणि त्यात त्याचा काही दोष नसेल.

दुसरी गोष्ट चौथ्या मागणीची. पेढीचं खरं नुकसान इथे आहे. चेक परत गेल्याची खबर मिळाल्यापासून ३० दिवसांत ट्रकवाला कलम १३८ खाली नोटीस देऊ शकतो, आणि नोटीस पोचल्यापासून १५ दिवसांत पेढीनं पैसे दिले नाहीत तर फौजदारी तक्रारीची वाट मोकळी होते. म्हणून त्याला पैसे लगेच पोचवणं हे पहिलं काम. चेकची मुदत तीन महिन्यांची असल्यानं रक्कम जमा झाल्यावर तोच चेक पुन्हा भरायला सांगता येतो. त्यासोबत बँकेचं पत्र त्याच्या हाती पडलं की 'यांच्या खात्यात पैसे नव्हते' हा बोल बाजारात राहत नाही. अडत पेठेत ही गोष्ट ५९० रुपयांपेक्षा कितीतरी मोठी आहे. याच अधिनियमाचं कलम ३१ सांगतं की खातेदाराचे पुरेसे पैसे हाती असताना बँकेनं चेक वटवला पाहिजे, आणि न वटवल्यास खातेदाराचं जे नुकसान होईल ते भरून दिलं पाहिजे. पहिल्याच पत्रात हे कलम लिहून दम भरायची गरज नाही. मात्र 'खात्यात पुरेशी रक्कम होती' हे वाक्य पत्रात हवंच, कारण पुढे कधी भरपाई मागायची वेळ आली तर सगळा दावा त्याच वाक्यावर उभा राहतो.

तिसरी गोष्ट बारदानवाल्याची. चूक त्याच्या बँकेनं रक्कम टाइप करताना केली असेल तर त्याच्या खात्यात ८४,६०० जमा झाले असणार. माणूस सरळ असेल तर तो स्वतःहून फोन करील आणि म्हणेल, तुमचे छत्तीस हजार मी परत पाठवतो. त्याचा हेतू चांगला आहे, पण त्याच वेळी बँकही रक्कम फिरवत असेल तर पेढीला दोनदा पैसे मिळतील आणि गुंता वाढेल. चुकून मिळालेले पैसे परत करण्याचं बंधन भारतीय करार अधिनियमाच्या कलम ७२ नं त्याच्यावर घातलेलं आहे, पण ते कुणाला आणि कोणत्या वाटेनं परत करायचे हे दोन बँकांना ठरवू द्यावं. पेढीचा व्यवहार तिच्या स्वतःच्या बँकेशी आहे. 'समोरच्या बँकेकडून पैसे आले की देऊ' हे उत्तर शाखेतून येऊ शकतं. दोन बँकांमधली वसुली ही त्यांची आपसातली बाब आहे. ४८,६०० पेक्षा एक रुपयाही जास्त वजा करायला पेढीनं सांगितलेलंच नव्हतं. म्हणून पत्रातलं शेवटचं वाक्य, बारदानवाल्याकडून काही परत मिळालेलं नाही असं सांगणारं, आवर्जून ठेवलं आहे.

बाकीच्या बाबी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. सही खाते चालवण्याचा अधिकार असलेल्याचीच हवी. भागीदारी पेढीत दोघांच्या सहीनं खातं चालत असेल तर पत्रावरही दोघांच्या सह्या असाव्यात, दिवाणजीची सही चालत नाही. पत्र मराठीत लिहायला हरकत नाही, फक्त स्टेटमेंटमधला नोंदीचा मजकूर आणि संदर्भ क्रमांक जसा छापला आहे तसाच उतरवावा, कारण केंद्रातला माणूस त्याच अक्षरांनी शोधणार आहे. 'डेबिट' आणि 'क्रेडिट' हे शब्द टाळलेले बरे. पेढीच्या वहीत बँकेचं खातं उलट्या बाजूनं दिसतं, त्यामुळे 'आमचं खातं डेबिट करावं' असं उलटं लिहिलेलं पत्रही बँकेत येऊन पडतं. 'खात्यातून वजा' आणि 'खात्यात जमा' असं लिहिलं की घोटाळा होत नाही.

पत्र देताना दोन प्रती न्याव्यात. एक बँकेला द्यायची आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक क्रमांक आणि घेणाऱ्याची सही घ्यायची. त्याच दिवशी तेच पत्र स्कॅन करून नोंदवलेल्या ई-मेलवरून बँकेच्या तक्रार विभागाला पाठवावं आणि मिळालेला तक्रार क्रमांक स्थळप्रतीवर लिहून ठेवावा. खिडकीपाशी उभं राहून सांगितलेली तक्रार पुढे कुठेच दाखवता येत नाही. आणि पत्र दिल्यानंतर 'तुमचा परतावा मंजूर झाला आहे, ओटीपी सांगा' असा फोन आला तर तो ठेवून द्यावा. खात्यात रक्कम जमा करायला बँकेला खातेदाराचा ओटीपी लागत नाही.

इथे एक फरक नीट लक्षात ठेवला पाहिजे. आपलं उदाहरण चेकचं आहे. तिथे चूक कारकुनी असते, कागद शाबूत असतो आणि दोन-चार दिवस मागेपुढे झाले तरी दावा कमकुवत होत नाही. पण खात्यातली रक्कम कुणी तिऱ्हाइतानं नेट बँकिंग, कार्ड किंवा यूपीआयमधून काढली असेल तर वेळेला फार महत्त्व येतं. रिझर्व्ह बँकेनं ६ जुलै २०१७ रोजी काढलेल्या परिपत्रकाप्रमाणे चूक बँकेचीही नाही आणि खातेदाराचीही नाही अशा प्रकारात बँकेकडून व्यवहाराची सूचना मिळाल्यापासून कामकाजाच्या तीन दिवसांत कळवलं तर खातेदारावर काहीच भार पडत नाही. चौथ्या ते सातव्या दिवसात कळवलं तर ठरावीक मर्यादेपर्यंत भार येतो, आणि लघुउद्योगांच्या चालू खात्यांसाठी त्या परिपत्रकात ही मर्यादा १०,००० रुपये होती. सात दिवस उलटले की भार बँकेच्या स्वतःच्या धोरणावर अवलंबून राहतो. अशा वेळी पत्र नंतर लिहावं. आधी बँकेच्या हेल्पलाइनवर कळवून खातं किंवा कार्ड बंद करून घ्यावं आणि तिथला तक्रार क्रमांक पत्रात घालावा.

चेकच्या बाबतीत उशिरा लक्षात आलं तर काय, हा प्रश्न एकदा सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता. कॅनरा बँक विरुद्ध कॅनरा सेल्स कॉर्पोरेशन या १९८७ च्या निकालातलं खातंही चालू खातंच होतं, मंगळूरमधलं. कंपनीच्याच हिशेबनीसानं १९५७ ते १९६१ या काळात खोट्या सह्यांचे ४२ चेक वटवले होते आणि रक्कम तीन लाख सव्वीस हजारांवर गेली होती. इतकी वर्षं तुम्ही पासशीट पाहूनही काही बोलला नाहीत, म्हणून आता मागू शकत नाही, असा बँकेचा बचाव होता. न्यायालयानं तो मान्य केला नाही. सही खोटी असेल तर त्या चेकवर पैसे देण्याचा आदेश बँकेला मिळालेलाच नसतो, आणि खातेदार गप्प राहिला एवढ्यावरून बँकेची जबाबदारी सुटत नाही, असा त्या निकालाचा गाभा आहे. याचा अर्थ स्टेटमेंट वर्षानुवर्षं न उघडता ठेवावं असा नाही. आपल्या पेढीनं १० तारखेला संध्याकाळी नोंद पाहिली असती तर ट्रकवाल्याचा चेक परत जाण्यापासून वाचला असता.

बँकांनी देऊ केलेली पॉझिटिव्ह पे ही सोय इथे उपयोगी पडली असती का, असं कुणी विचारील. १ जानेवारी २०२१ पासून सुरू झालेल्या या पद्धतीत चेकचा नंबर, तारीख, रक्कम आणि घेणाऱ्याचं नाव खातेदार आधीच बँकेला कळवतो आणि चेक वटताना ते ताडून पाहिलं जातं. पण ही सोय ५०,००० आणि त्यावरच्या चेकांसाठी आणलेली आहे. ४८,६०० चा चेक तिच्या खालीच राहतो. ४ ऑक्टोबर २०२५ पासून चेक दिवसभर सतत पुढे पाठवण्याची पद्धत सुरू झाली आहे. त्यामुळे चेक भरल्याच्या दिवशीच वजावट दिसू लागली आणि चूक झाली तर तीही त्याच दिवशी दिसू लागली. रोज संध्याकाळी त्या दिवसाच्या वजावटी काउंटरफॉइलशी ताडून पाहणं छोट्या पेढीला जड नाही.

पत्र दिलं आणि उत्तरच आलं नाही, तर आठवड्याभरानं आवक क्रमांकाचा हवाला देऊन एक ओळीचं स्मरणपत्र द्यावं. त्यात नवी कहाणी सांगू नये आणि मागण्याही बदलू नयेत. त्यानंतर बँकेच्या नोडल अधिकाऱ्याकडे जाता येतं. बँकेला लेखी तक्रार देऊन ३० दिवस झाले आणि उत्तर आलं नाही, किंवा आलेलं उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे cms.rbi.org.in या संकेतस्थळावर तक्रार करता येते. त्यासाठी पैसे पडत नाहीत. आधी बँकेकडे लेखी तक्रार केली होती का, हे तिथे सुरुवातीलाच पाहिलं जातं. शिक्का मारलेली स्थळप्रत तिथे जोडायची.

बहुतेक वेळा गोष्ट तिथवर जात नाही. चित्रातली रक्कम आणि वजा झालेली रक्कम शेजारी ठेवली की वादाला जागाच राहत नाही. बँक जुनी नोंद खोडत नाही, उलटी नोंद टाकून भरपाई करते. स्टेटमेंटमध्ये ती दोन प्रकारे दिसू शकते : फक्त ३६,००० जमा, किंवा आधी ८४,६०० जमा आणि मग ४८,६०० पुन्हा वजा. दुसरा प्रकार पाहून पुष्कळ जण घाबरतात आणि चेक परत एकदा वजा झाला म्हणून नवी तक्रार करतात. दोन्ही नोंदींची गोळाबेरीज ३६,००० जमा अशी येत असेल तर काम बरोबर झालं आहे.

त्यानंतर तीन गोष्टी तपासायच्या. जमा नोंदीचा मूल्य दिनांक १० जूनच आहे का. ५९० रुपये जीएसटीसह पूर्ण परत आले का, की नुसते ५०० आले. पेढीची जीएसटी नोंदणी असेल आणि ते ९० रुपये आधीच इनपुट क्रेडिट म्हणून घेतले असतील, तर तेही उलटवायला आपल्या करसल्लागाराला सांगावं लागेल. आणि तिसरं, ट्रकवाल्याला दाखवायचं पत्र हाती आलं का. पैसे जमा झाले की हे पत्र मागायचं राहून जातं, आणि शाखेतल्या लोकांनाही ते लिहून द्यायचा उत्साह नसतो. पहिल्या पत्राचा आवक क्रमांक आणि त्यातल्या चौथ्या मागणीचा उल्लेख करून दोन ओळींचं दुसरं पत्र त्याच दिवशी द्यावं, आणि त्याचीही पोच घ्यावी.